क्ष कुठून आणायचा?

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासताना एक उत्तर मला दरवर्षी भेटतं. प्रश्न ट्रान्झिस्टरच्या अगदी साध्या सर्किटचा असतो. उत्तर १.०१ व्होल्ट यायला हवं, आणि काही पेपरांत ते १.२६ आलेलं असतं. आकडेमोड ओळीओळीने तपासली तरी चूक सापडत नाही. समीकरणं नीट सोडवलेली, खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत. मग मुलगा पेपर घेऊन येतो. "सर, गणित तर बरोबर आहे ना? मग मार्क का कापले?" त्याचं म्हणणं खरंच असतं, गणित बरोबरच असतं. चूक त्याच्या आधीच्या एका ओळीत असते, आणि ती ओळ बऱ्याचदा पेपरात लिहिलेलीच नसते, मनातल्या मनात झालेली असते.

ती ओळ कोणती, हे कळायला आधी थोडी जमीन नांगरावी लागेल. सर्किटमध्ये दोन-चार तारा जिथे एकत्र येतात त्या जागेला नोड म्हणतात. गुस्ताव किर्खहोफ हा जर्मन शास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत होता तेव्हा, १८४५ साली, त्याने नियम मांडला की नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो. सांध्यात वीज साठून राहत नाही. या नियमावर सर्किट सोडवायची जी पद्धत उभी आहे तिला नोडची पद्धत म्हणू. एक नोड शून्य व्होल्टचा धरायचा, त्याला ग्राउंड म्हणायचं. बाकीच्या नोडचं व्होल्टेज अज्ञात. दोन नोडमध्ये रेझिस्टर असेल तर त्यातला करंट म्हणजे दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक भागिले रोध. प्रत्येक नोडसाठी जमाखर्चाचं एक समीकरण लिहायचं. जितके अज्ञात तितकी समीकरणं, की काम झालं. या पद्धतीत सगळं व्होल्टेजच्या भाषेत बोललं जातं. करंट हवा असेल तर तो शेवटी, उत्तरं आल्यावर काढायचा.

घोळ इथेच सुरू होतो. काही सोर्स असे असतात की त्यांचा आकडा दुसऱ्याच शाखेतल्या करंटवर ठरतो. शाळेत पाहिलेला सेल कुणाचं ऐकत नाही, तो दीड व्होल्ट म्हणजे दीड व्होल्ट. डिपेंडंट सोर्स मात्र दुसरीकडे बघून वागतो. पाटाच्या पाण्यावर शेती पाहिलेल्यांना चटकन कळेल. समजा पाटकऱ्याला हुकूम आहे की लहान चारीत जेवढं पाणी वाहताना दिसेल त्याच्या शंभरपट मोठ्या चारीत सोड. चारीत टिपूस नसेल तर मोठं दार बंद. चारीत पाणी उलटं वाहू लागलं, तर हुकमाप्रमाणे यानेही शंभरपट पाणी उलटं ओढायचं. खऱ्या पाटकऱ्याला हे जमणार नाही, पण कागदावरच्या सोर्सला जमतं. आणखी एक गंमत आहे. दोन्ही चाऱ्या पुढे एकाच हौदात पडत असतील तर मोठ्या चारीच्या पाण्याने हौदाची पातळी चढते, पातळी चढली की लहान चारीतला ओघ मंदावतो, आणि ओघ मंदावला की पाटकरी मोठं दार आणखी लोटतो. कोण कुणावर अवलंबून आहे ते सुटं करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच सोडवाव्या लागतात.

ट्रान्झिस्टरचं असंच आहे. बेसमधून चिमूटभर करंट आत जातो आणि त्याच्या सुमारे शंभरपट करंट कलेक्टरकडून एमिटरकडे वाहतो. पेपरातलं सर्किट एमिटर फॉलोअर या नावाने ओळखलं जातं. सिग्नलचा हिशेब करताना त्याचं चित्र असं काढतात. १.१२ व्होल्टचा सिग्नल १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसपर्यंत येतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १ किलोओहम. एमिटरपासून ग्राउंडपर्यंत आणखी १ किलोओहम. कलेक्टर सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंडलाच जोडलेला, म्हणून शंभरपटीचा सोर्स ग्राउंडकडून एमिटरमध्ये करंट ढकलतो. (१.१२ हा आकडा उत्तरं गोटीबंद यावीत म्हणून घेतला आहे. शिक्षकांना एवढी लबाडी माफ असते.)

बेसचं व्होल्टेज ब, एमिटरचं ए, आणि बेसमधून एमिटरकडे जाणारा करंट क्ष. रोध किलोओहममध्ये धरले की करंट मिलिअँपियरमध्ये येतो आणि शून्यं सांभाळावी लागत नाहीत. सोर्स कितीचा? १०० क्ष चा. आता दोन नोडचा जमाखर्च लिहू.

बेस: (१.१२ − ब) ÷ १० = (ब − ए) ÷ १

एमिटर: (ब − ए) ÷ १ + १०० क्ष = ए ÷ १

समीकरणं दोन आणि अज्ञात तीन, कारण क्ष मध्येच घुसला आहे. पुष्कळ मुलं इथे थबकतात. काहीजण क्ष ला ठरलेला आकडा समजून उत्तरात तसाच ठेवतात, म्हणजे शेवटी "ए = अमुक क्ष" असं काहीतरी उरतं. ते उत्तर नव्हे, वाटेतलं स्टेशन झालं.

वाट सोपी आहे. क्ष ज्या शाखेतून वाहतो तिथे जायचं आणि तो शाखेच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये लिहायचा. इथे शाखेत १ किलोओहमचा रेझिस्टर आहे, म्हणून

क्ष = (ब − ए) ÷ १

सुरुवातीला म्हटलेली ती ओळ हीच. मुलं ती मनातल्या मनात करतात आणि तिथेच घसरतात. कंसात ब आधी की ए आधी, हे चित्रातला बाण ठरवतो. बाण बेसकडून एमिटरकडे असेल तर बाणाच्या शेपटीकडचं व्होल्टेज आधी, टोकाकडचं नंतर. सवयीने "ज्या नोडवर उभा आहे त्याचं व्होल्टेज आधी" असं लिहिणारा मुलगा एमिटरवर उभा असताना (ए − ब) लिहून बसतो. नोडमधून बाहेर जाणारे करंट मोजत असाल तर रेझिस्टरसाठी ती सवय चांगलीच आहे. पण क्ष ची दिशा आपण कुठे उभे आहोत यावर ठरत नाही. ती प्रश्न काढणाऱ्याने बाण काढून आधीच ठरवलेली असते.

ओळ बरोबर लिहिली की पुढचं सरळ आहे. मी मुलांना दोन पायऱ्यांत करायला लावतो. आधी डिपेंडंट सोर्स जणू साधाच आहे असं समजून रेझिस्टरांची समीकरणं मांडा आणि सोर्स उजवीकडे ठेवा.

१.१ ब − ए = ०.११२

−ब + २ ए = १०० क्ष

मग क्ष च्या जागी (ब − ए) घाला आणि ब, ए डावीकडे आणा. दुसरं समीकरण होतं

−१०१ ब + १०२ ए = ०

म्हणजे ए हा ब च्या १०१/१०२ पट. पहिल्यात घातलं की ब = १.०२ व्होल्ट, ए = १.०१ व्होल्ट, आणि क्ष = ०.०१ मिलिअँपियर, म्हणजे १० मायक्रोअँपियर. एमिटरच्या रेझिस्टरमधून १.०१ मिलिअँपियर जातात. त्यातला १ सोर्सकडून आला, ०.०१ बेसकडून. हिशेब जुळला.

दोन पायऱ्यांचा आग्रह का, तेही सांगतो. नुसते रेझिस्टर आणि साधे सोर्स असलेल्या सर्किटची समीकरणं आरशासारखी असतात. पहिल्या समीकरणात ए समोर −१ असेल तर दुसऱ्यात ब समोरही −१ च येतो, कारण दोघांच्या मधला रेझिस्टर एकच. त्यामुळे हुशार मुलं चित्राकडे नुसतं बघून समीकरणं लिहितात आणि त्यांचं बरोबर येतं. डिपेंडंट सोर्स आला की आरसा तडकतो. एकीकडे −१, दुसरीकडे −१०१. बघून लिहायची सवय असलेल्याला हे वेडंवाकडं दिसतं आणि तो −१०१ "दुरुस्त" करून टाकतो. आधी आरसा मांडा, मग क्ष ची भर घाला. त्यात कुठला आकडा का वाढला ते डोळ्यांसमोर राहतं.

आता १.२६ कडे येऊ. क्ष उलटा लिहिला, म्हणजे (ए − ब), की दुसऱ्या समीकरणाचं ९९ ब = ९८ ए होतं. सोडवलं की ब येतो सुमारे १.२४७ आणि ए येतो १.२६. उत्तर भलतं मोठं नाही, उणेही नाही. हजारात किंवा शून्याच्या खाली आलं असतं तर मुलाला संशय तरी आला असता. १.२६ कसं शेजारच्या माणसासारखं सभ्य दिसतं.

शिवाय मुलगा ताळा करतो तोही स्वतःच्याच समीकरणात आकडे घालून. ताळा जुळतो, जुळणारच. समीकरण चुकीचं असलं तरी त्याचं उत्तर त्यालाच लागू पडतं. ताळा चित्रात करायचा असतो. पेन्सिलने बाणावर आकडा लिहा. बाण बेसकडून एमिटरकडे, म्हणून क्ष = १.२४७ − १.२६ = सुमारे −०.०१३ मिलिअँपियर. सोर्स त्याच्या शंभरपट, म्हणजे तोही उणे. एमिटरमध्ये येणारे दोन्ही करंट मिळून सुमारे −१.२९. आणि बाहेर जाणारा? १.२६ व्होल्ट भागिले १ किलोओहम, म्हणजे अधिक १.२६. आत उणे, बाहेर अधिक. किर्खहोफचा नियम तिथल्या तिथे मोडलेला दिसतो.

सर्किट ओळखणाऱ्याला त्याहून आधी कळेल. एमिटर फॉलोअर हे नावच सांगतं की एमिटर बेसच्या मागे मागे जातो. दिलेल्या सिग्नलपेक्षा मोठं व्होल्टेज ते देत नाही. १.१२ देऊन १.२६ मिळालं तर कुठेतरी बाण उलटा आहे. या उलट्या सर्किटचं आणखी एक लक्षण मला फार आवडतं. १०० च्या जागी १२ घ्या आणि क्ष तसाच उलटा ठेवा. एमिटरचं समीकरण म्हणतं १.१ ब = ए, आणि बेसचं म्हणतं १.१ ब − ए = ०.११२. एक सांगतं फरक शून्य, दुसरं सांगतं ०.११२. उत्तरच नाही. नुसत्या रेझिस्टरांच्या जाळ्यात असं कधी होत नाही. डिपेंडंट सोर्स उलट्या बाजूने जोर लावू लागला तरच अशी कोंडी होते.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना जमतं. खरी गाठ पुढे आहे. क्ष च्या शाखेत रेझिस्टरच नसेल तर?

ही काही मुलांना छळायला रचलेली परिस्थिती नव्हे. त्याच ट्रान्झिस्टरचा डीसी हिशेब करायला घेतला, म्हणजे सिग्नल नसताना तो कुठे स्थिरावला आहे ते काढायचं ठरवलं, की लगेच ती समोर येते. तेव्हा बेस-एमिटरमध्ये १ किलोओहम काढत नाहीत. सिलिकॉनचा तो सांधा चालू असताना साधारण ०.७ व्होल्ट धरून राहतो, म्हणून तिथे ०.७ व्होल्टची बॅटरीच काढतात. बाकी सर्किट तेच, फक्त सिग्नलच्या जागी ३.४७५ व्होल्टचा डीसी पुरवठा घेऊ. कलेक्टर आता ग्राउंडला नाही, वरच्या पुरवठ्याला आहे, पण एमिटरच्या जमाखर्चाला त्याने फरक पडत नाही. शंभरपट करंट तिथे येतो एवढंच पुरेसं.

आता क्ष किती? वरच्या सवयीने (ब − ए) भागिले रोध लिहायला जावं, तर ब − ए म्हणजे ०.७ आणि रोध शून्य. बॅटरीतून किती करंट जातो ते बॅटरी सांगत नाही, बाकीचं सर्किट सांगतं. पुस्तकं इथे सुपरनोड नावाची युक्ती देतात. बॅटरीची दोन्ही टोकं एका वर्तुळात घ्या आणि त्या वर्तुळाचा एकत्र जमाखर्च लिहा. बॅटरीतला करंट आतल्या आत राहतो, म्हणून तो लिहावाच लागत नाही. साध्या सर्किटला ही युक्ती झकास आहे. आपल्याकडे मात्र ती अंगाशी येते. सुपरनोडचं समीकरण असं होतं:

(३.४७५ − ब) ÷ १० + १०० क्ष = ए ÷ १

जो करंट लपवायला वर्तुळ काढलं तोच क्ष होता, आणि सोर्सच्या रूपाने तो बाहेरून दार वाजवतो आहे. वर्तुळ काढून आपण तो मोजायची जागाच झाकून टाकली. त्यामुळे सुपरनोड लिहूनही एक समीकरण कमी पडतं, आणि कुठलं ते पटकन ध्यानात येत नाही.

ते असतं वर्तुळाच्या आत. बेसचा नोड एकटा घ्या आणि त्याचा जमाखर्च लिहा. बेसमध्ये करंट येतो फक्त १० किलोओहममधून आणि जातो फक्त बॅटरीतून. म्हणून

क्ष = (३.४७५ − ब) ÷ १०

स्वतःच्या शाखेत क्ष मोजता येत नसेल तर शेजारच्या शाखांत मोजायचा. बेसवर एकाऐवजी दोन रेझिस्टर असते, एक वरून येणारा आणि एक ग्राउंडकडे जाणारा, तर क्ष म्हणजे येणारा वजा जाणारा. पद लांबलं असतं, रीत तीच राहिली असती. ब − ए = ०.७ हे तिसरं समीकरण. तिन्ही मिळून ब येतो ३.२२५ व्होल्ट, ए २.५२५ व्होल्ट आणि क्ष ०.०२५ मिलिअँपियर. चित्रात ताळा करा. १० किलोओहमवर ०.२५ व्होल्ट पडतात, म्हणजे ०.०२५ मिलिअँपियर. त्याची १०१ पट २.५२५. जुळतं.

जाता जाता एक धागा बांधून टाकतो. पहिल्या चित्रातला १ किलोओहम आला कुठून? तो याच डीसी उत्तरातून आला. खोलीच्या तापमानाला सांध्याचं स्वतःचं एक ठरीव व्होल्टेज असतं, सुमारे २५ मिलिव्होल्ट. त्याला बेसच्या डीसी करंटने भागलं की सिग्नलला दिसणारा रोध मिळतो. २५ मिलिव्होल्ट भागिले २५ मायक्रोअँपियर, बरोबर १ किलोओहम. दोन्ही चित्रं एकाच ट्रान्झिस्टरची. एकात क्ष रेझिस्टरमधून जातो, दुसऱ्यात बॅटरीमधून.

माणूस शेजारची शाखा डोळ्यांनी शोधतो. संगणकाला तसा डोळा नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली स्पाइस हा सर्किट सोडवणारा प्रोग्रॅम तयार केला. तो १९७३ मध्ये बाहेर आला तेव्हा निव्वळ नोडच्याच पद्धतीवर चालत होता, आणि बॅटरीतला करंट हीच त्याची अडचण होती. १९७५ मध्ये आयबीएमच्या हो, रुहली आणि ब्रेनन या तिघांनी सुधारित नोड पद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध केला. तिची कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. बॅटरीतला करंट लपवू नका, शोधतही बसू नका. त्याला व्होल्टेजच्या बरोबरीने अज्ञात म्हणून पंगतीला बसवा, आणि बदल्यात बॅटरीचं समीकरण, आपलं ब − ए = ०.७, जोडून द्या. अज्ञात एक वाढला, समीकरणही एक वाढलं. स्पाइसच्या दुसऱ्या आवृत्तीने हीच रीत घेतली. कागदावर अडलेल्या मुलालाही मी हेच सांगतो. क्ष ला हाकलता येत नसेल तर राहू दे, तीन समीकरणं लिही.

स्पाइसने त्यातूनच एक शिस्त घालून दिली. करंटवर चालणारा सोर्स हवा असेल तर तो करंट एखाद्या व्होल्टेज सोर्समधूनच गेला पाहिजे, कारण पंगतीत नाव त्याचंच आहे. शाखेत तसा सोर्स नसेल तर शून्य व्होल्टचा एक घालायचा. शून्य व्होल्ट म्हणजे विजेच्या दृष्टीने नुसती तार. सर्किट बदलत नाही, पण करंट मोजायची खिडकी मिळते. अँमीटर बसवल्यासारखंच. आपलं पहिलं सर्किट असं लिहिलं जातं:

```
* emitter follower
VS 3 0 1.12
RS 3 1 10k
VX 1 4 0
RPI 4 2 1k
RE 2 0 1k
F1 0 2 VX 100
.op
.end
```

नोड `1` म्हणजे बेस, `2` म्हणजे एमिटर, `0` ग्राउंड. `VX` ही आपली शून्य व्होल्टची खिडकी. तिला जागा करायला बेस आणि १ किलोओहम यांच्यामध्ये `4` हा नवा नोड घातला आहे. `F1` म्हणजे शंभरपटीचा सोर्स. त्याच्या ओळीत क्ष चं नाव नाही, `VX` चं नाव आहे. करंट पहिल्या नोडकडून सोर्समधून दुसऱ्या नोडकडे गेला तर स्पाइस तो अधिक धरतो. म्हणून `VX 1 4` लिहिलं की बेसमध्ये शिरणारा करंट अधिक, आणि `F1 0 2` म्हणजे ग्राउंडकडून एमिटरकडे ढकल. प्रोग्रॅम चालवला की बेसवर १.०२, एमिटरवर १.०१ आणि `VX` मध्ये १० मायक्रोअँपियर दिसतात. `VS` चा करंट मात्र उणे १० मायक्रोअँपियर दिसतो आणि नवशिका घाबरतो. त्यात चूक काही नाही. करंट देणाऱ्या बॅटरीत तो अधिक टोकातून बाहेर पडतो, म्हणून स्पाइसच्या नियमाने तो उणे.

प्रयोगशाळेत गेल्यावर मी मुलांना `VX` च्या ओळीतले दोन आकडे अदलाबदल करायला सांगतो. `VX 1 4 0` ऐवजी `VX 4 1 0`. तार तीच, शून्य व्होल्टची, जोडणी हलली नाही, फक्त मोजायचा बाण फिरला. प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता पुन्हा चालतो आणि पडद्यावर एमिटरच्या समोर 1.26 येतं. कुणीतरी मागच्या बाकावरून हळूच म्हणतं, "सर, हे तर माझं उत्तर."